एससी टेस्ट एचव्हीकडून आणि ओसी टेस्ट एलव्हीकडून का? मशीन लॅबला बसणाऱ्यांसाठी

ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट सर्किट म्हणजे एससी टेस्ट हाय व्होल्टेज म्हणजे एचव्ही बाजूने आणि ओपन सर्किट म्हणजे ओसी टेस्ट लो व्होल्टेज म्हणजे एलव्ही बाजूने का घेतात? डिप्लोमा असो की बीई, मशीन लॅबच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न पडतोच. उत्तर म्हणून बहुतेक जण 'ओपन-लो, शॉर्ट-हाय' एवढं घोकून जातात. परीक्षकाने पुढचा 'का?' विचारला की मग 'एलव्हीकडून घेतलं की कोअर लॉस अचूक मिळतो' असं काहीतरी ठोकून दिलं जातं. हे उत्तर चूक आहे. माझ्या मते घोकंपट्टीच्या असल्या ओळी विषयाचं जितकं नुकसान करतात तितकं अवघड गणितंही करत नाहीत.

आधी एक गोष्ट पक्की करा. थिअरीच्या दृष्टीने कोणतीही टेस्ट कोणत्याही बाजूने घेता येते आणि वॅट तेवढेच येतात. कोअर लॉस फ्लक्सवर ठरतो आणि फ्लक्स ठरतो दर वेढ्याला किती व्होल्ट पडतात त्यावर. २३०/११५ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला एलव्हीवर ११५ द्या किंवा एचव्हीवर २३०, दर वेढ्याचे व्होल्ट तेच राहतात, म्हणून कोअर लॉसही तोच. शॉर्ट सर्किटचंही तसंच: एका वाइंडिंगमधून रेटेड करंट गेला की दुसऱ्यातूनही रेटेडच जातो, मग सप्लाय कुठूनही दिलेला असो. बाजू निवडायची ती सप्लाय, मीटर आणि माणसाची सुरक्षितता बघून.

लॅबमधल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर हे पटत नाही, कारण तिथे दोन्ही बाजू हाताळण्याजोग्या असतात. म्हणून रस्त्याकडेच्या डीपीवरचा १०० केव्हीएचा, ११०००/४३३ व्होल्टचा थ्री फेज ट्रान्सफॉर्मर डोळ्यांपुढे आणा. त्याचा एचव्ही रेटेड करंट ५.२५ अँपिअर आणि एलव्हीचा १३३ अँपिअर. इम्पिडन्स ४.५ टक्के धरू, नो-लोड करंट २ टक्के.

ओसी टेस्टला रेटेड व्होल्टेज लागतं, यात तडजोड नाही. एचव्हीकडून घ्यायची म्हटली तर ११ हजार व्होल्टचा, कमी-जास्त करता येणारा सप्लाय हवा, मोजायला पीटी हवेत, आणि एवढं करून करंट येणार जेमतेम ०.१ अँपिअर. तीच टेस्ट एलव्हीकडून घेतली तर ४३३ व्होल्ट आणि सुमारे २.७ अँपिअर. वर्कशॉपच्या ४१५ व्होल्ट सप्लायवर ४७० व्होल्टपर्यंत चढणारा थ्री फेज डिमर लावला की काम झालं, आणि साध्या अँमीटरवर काटा मधोमध येतो.

एससी टेस्टचं गणित उलटं. तिथे रेटेड करंट लागतो, व्होल्टेज मात्र इम्पिडन्सपुरतंच. एचव्हीकडून ११ हजाराच्या ४.५ टक्के म्हणजे ४९५ व्होल्ट आणि ५.२५ अँपिअर. एलव्हीकडून दिलं तर १९.५ व्होल्ट आणि १३३ अँपिअर. दोन्हीकडून लागणारे केव्हीए सारखेच, साधारण साडेचार. पण १९.५ व्होल्टला १३३ अँपिअर देणारा सोर्स लॅबमध्ये नसतो. जुगाड करून आणलाच तरी करंट सेट करणं अवघड, कारण तिथे एका व्होल्टच्या फरकाने करंट जवळजवळ ७ अँपिअर बदलतो. डिमरचं हँडल जरा सरकलं की रेटेडच्या पुढे. शिवाय व्होल्टमीटर नेमका बुशिंगच्या टोकाला लावला नाही, तर केबल आणि लगमधला ड्रॉपही ट्रान्सफॉर्मरच्या खात्यात जमा होतो. ४९५ व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही, १९.५ मध्ये बिघडतं.

आता एक इशारा, आणि हा हलक्यात घेऊ नका. ओसी टेस्ट 'लो व्होल्टेज' बाजूने घेतो म्हणजे ती लो व्होल्टेजची टेस्ट होत नाही. एलव्हीला ४३३ व्होल्ट दिले की उघड्या एचव्ही बुशिंगवर पूर्ण ११ हजार व्होल्ट उभे असतात. तिथे काही जोडलेलं नाही म्हणून ती बाजू मेलेली वाटते, तसं नाही. एचव्हीभोवती दोरी किंवा जाळी हवी, आणि डिमर शून्यावर आणून मेन स्विच बंद केल्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही. लॅबमध्येही ११५ दिल्यावर पलीकडच्या उघड्या टर्मिनलवर २३० व्होल्ट असतात, हे बॅचमधल्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे.

एससी टेस्टमधली नाजूक जागा शॉर्ट केलेल्या टोकाला आहे. एचव्हीकडून सप्लाय दिला की शॉर्ट एलव्हीवर येतो, म्हणजे मोठा करंट त्या लिंकमधून जातो. आपल्या १०० केव्हीएचा लोड लॉस १७६० वॅट धरला तर एलव्हीकडून पाहिलेला दर फेजचा रेझिस्टन्स ०.०३३ ओहम निघतो. लिंक आणि नटबोल्टच्या जोडात दर फेजला फक्त एक मिलिओहम वाढला, तर लॉस ५३ वॅटनी, म्हणजे ३ टक्क्यांनी जास्त दिसतो. ट्रान्सफॉर्मर चांगला असून नापास व्हायला एवढं पुरतं. म्हणून लिंक आखूड, जाड तांब्याची पट्टी असावी, टोकं पॉलिश पेपरने घासलेली आणि बोल्ट पान्याने आवळलेले. टेस्ट संपवून सप्लाय बंद केल्यावर, अर्थिंग करून लिंकला हात लावून बघा: एखादाच जोड तापलेला असेल तर रीडिंग पुन्हा घ्या. लॅबमध्ये काही ठिकाणी शॉर्टच्या जागी अँमीटर लावायची पद्धत आहे, ती मला अजिबात पटत नाही. अँमीटर सप्लायच्या बाजूला ठेवा आणि शॉर्टला जाड, आखूड वायर वापरा.

आता लॅबकडे. २ केव्हीए, २३०/११५ व्होल्ट, सिंगल फेज. एचव्ही रेटेड करंट ८.७, एलव्हीचा १७.४ अँपिअर. समजा रीडिंग अशी आली: ओसी एलव्हीवर ११५ व्होल्ट, ०.८ अँपिअर, ३० वॅट. एससी एचव्हीवर १२ व्होल्ट, ८.७ अँपिअर, ७५ वॅट.

ओसीला पॉवर फॅक्टर ०.३३ च्या आसपास निघतो, म्हणून एलपीएफ वॅटमीटर लागतो. १५० व्होल्ट, २.५ अँपिअरचा साधा वॅटमीटर ३७५ वॅटचा असतो, त्यावर ३० वॅट अगदी कोपऱ्यात येतात. ०.२ पॉवर फॅक्टरचा घेतला तर फुल स्केल ७५ वॅट, आणि काटा नीट वाचता येतो. एससीला पॉवर फॅक्टर ०.७ च्या पुढे असल्याने साधा वॅटमीटर चालतो. दोन्ही टेस्टच्या आधी डिमर शून्यावर आहे का ते बघा. एससीत तो विसरून शेवटाला राहिला तर २३० व्होल्टला दीडशे अँपिअरच्या वर करंट ओढला जाईल. फ्यूज वाचवेल, पण फ्यूजच्या भरवशावर लॅब करू नका. ओसीत ११५ च्या वाइंडिंगवर चुकून २३० गेले तर कोअर सॅच्युरेट होऊन करंट उसळतो.

खरा सापळा यानंतर आहे, आणि त्यासाठीच हे सगळं लिहितोय. ओसीतून निघालेला आर-नॉट म्हणजे ११५ चा वर्ग भागिले ३०, ४४१ ओहम. एक्स-नॉट सुमारे १५२ ओहम. हे दोन्ही एलव्ही बाजूचे. एससीतून आर ०.९९ ओहम, एक्स ०.९६ ओहम. हे दोन्ही एचव्ही बाजूचे. टेस्ट दोन वेगळ्या बाजूंनी घेतल्या म्हणून आकडेही दोन वेगळ्या बाजूंचे आले. आणि मुलं ते चारही आकडे तसेच उचलून एकाच सर्किटमध्ये भरतात.

एचव्ही बाजूचं सर्किट काढायचं तर आर-नॉट आणि एक्स-नॉटला रेशोच्या वर्गाने, इथे ४ ने, गुणायचं: १७६३ आणि ६०८ ओहम. ०.९९ आणि ०.९६ तसेच राहतात. एलव्ही बाजूचं काढायचं तर उलट: ४४१ आणि १५२ तसेच, आणि ०.९९ व ०.९६ ला ४ ने भागून ०.२५ आणि ०.२४.

ही चूक लपून राहते, कारण एफिशियन्सी बरोबर येते. तिथे फक्त वॅट लागतात: ३० अधिक ७५ म्हणजे १०५ लॉस, फुल लोडला युनिटी पॉवर फॅक्टरवर ९५ टक्के. वॅटला बाजू नसते. उत्तर ९५ आलं की सगळं बरोबर असं वाटून जर्नल सबमिट होतं. रेग्युलेशनमध्ये मात्र चूक उघडी पडते. युनिटी पॉवर फॅक्टरला ०.९९ ओहम एचव्हीच्या ८.७ अँपिअर आणि २३० व्होल्टसोबत घेतला तर सुमारे ३.७ टक्के येतं. तोच ०.९९ एलव्हीच्या १७.४ अँपिअर आणि ११५ सोबत घेतला तर १५ टक्के. जर्नलमध्ये १५ टक्के दिसलं की समजा, बाजूंची सरमिसळ झाली आहे.

घाबरू नका, तपासायला अर्धा मिनिट लागतो. सर्किट पूर्ण काढल्यावर त्याच बाजूच्या रेटेड व्होल्टेजच्या वर्गाला त्यातल्या आर-नॉटने भागा. ३० वॅट परत आले पाहिजेत. ४४१ तसाच ठेवून एचव्हीवर २३० लावले तर १२० येतात, चौपट. तसंच त्या बाजूच्या रेटेड करंटचा वर्ग गुणिले आर करा. ७५ वॅट आले पाहिजेत, ३०० आले तर आर दुसऱ्या बाजूचा आहे. लॅबच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये चूक चारपटीची असते आणि आकडे तरीही खरे वाटतात. ११०००/४३३ मध्ये ती शेकडो पटींची होते. रीडिंग लिहितानाच प्रत्येक आकड्यापुढे 'एचव्ही' किंवा 'एलव्ही' लिहायची सवय लावा. मागच्या बॅचचं जर्नल उतरवणाऱ्यांना हे कधीच कळत नाही, कारण त्यात बाजू लिहिलेलीच नसते. शंका आली तर लॅब असिस्टंटला विचारा. कोणत्या टेबलवर कोणती बाजू जोडलेली आहे हे त्यांना मॅन्युअलपेक्षा जास्त माहीत असतं.

नियम कुठे ताणतो तेही बघून ठेवा. लॅबमध्ये सप्लायच २३० चा असल्याने कोणी ओसी एचव्हीकडून घेतली तरी ३० वॅटच येतील, करंट मात्र ०.४ अँपिअर, तेव्हा आर-नॉट थेट एचव्हीचा मिळतो आणि ४ ने गुणायचं नाही. १०० केव्हीएच्या एससीला ४९५ व्होल्ट लागतात. तिथपर्यंत चढणारा सप्लाय नसेल आणि ४१५ वरच थांबावं लागलं तर करंट ४.४ अँपिअरपर्यंतच पोहोचतो. हे चालतं, कारण लोड लॉसची टेस्ट रेटेडच्या निम्म्या करंटपर्यंत घ्यायला मुभा आहे. तिथे वॅटमीटर १२३६ च्या आसपास दाखवेल, त्याला ५.२५ भागिले ४.४ याच्या वर्गाने गुणलं की १७६० च्या जवळ येतं. ओसीला मात्र असं करता येत नाही. व्होल्टेज कमी ठेवून नंतर वर्गाने वाढवलेला कोअर लॉस भरवशाचा नसतो, कारण कोअर जसजसा सॅच्युरेशनकडे जातो तसा लॉस वर्गाच्या हिशोबात बसत नाही. तिथे ४३३ म्हणजे ४३३च.