व्हर्निअर वाचताना या चुका टाळा: एका शाफ्टची चार मापं

लेथवर टर्निंग झालेला एक साधा शाफ्ट. ड्रॉइंगवर व्यास २५ मि.मी., टॉलरन्स वर शून्य आणि खाली ०.१०. म्हणजे माप २४.९० ते २५.०० यांच्यात आलं की जॉब पास. आमच्या शॉपमध्ये एका नव्या अप्रेंटिसने हा शाफ्ट व्हर्निअरने मोजला आणि आधी सांगितलं, "सर, २५.९६." एवढा मोठा कसा असेल म्हणून त्याला पुन्हा बघायला लावलं, तेव्हा म्हणाला २४.९६. झिरो एरर बघितलास का, असं विचारल्यावर त्याने तो बघितला, वजाबाकी केली आणि २४.९० सांगितलं. २४.९६ आणि २४.९० ही दोन्ही मापं टॉलरन्समध्ये बसतात, म्हणून त्याने जॉब पास म्हणून ठेवून दिला. मायक्रोमीटरने मी मोजला तर २५.०२ भरला. शाफ्ट मोठा होता, त्याच्या जागेत गेला नसता.

पोरगा हुशार होता आणि आकडेमोडही त्याला येत होती. तरीही एकाच जॉबची चार मापं निघाली. त्यातली तीन कुठून आली हे नीट समजलं, तर व्हर्निअरवर होणाऱ्या बहुतेक चुका समजल्या असं मी धरतो.

आधी हातातल्या व्हर्निअरचा लिस्ट काउंट

शाळेत तुम्ही जो व्हर्निअर वापरला त्याचा लिस्ट काउंट ०.०१ से.मी. असं पाठ केलेलं असतं. ते सेंटिमीटर आहे, म्हणजे ०.१ मि.मी. शॉपमध्ये सगळं मिलिमीटरमध्ये चालतं. पाठ केलेला ०.०१ तसाच इथे वापरणारे दर बॅचला एक-दोन जण निघतातच. म्हणून पाठांतर सोडा आणि हातातल्या व्हर्निअरवरून काढा.

मेन स्केलवरचा सगळ्यात लहान भाग किती मि.मी.चा आहे ते बघा आणि त्याला व्हर्निअर स्केलवरच्या एकूण भागांच्या संख्येने भागा. आपल्याकडच्या बहुतेक व्हर्निअरवर मेन स्केलचा लहान भाग १ मि.मी. आणि व्हर्निअरवर ५० भाग असतात, म्हणून १ ÷ ५० = ०.०२ मि.मी. हे ५० भाग मेन स्केलच्या ४९ मि.मी.मध्ये बसवलेले असतात. त्यामुळे व्हर्निअरचा एक भाग ०.९८ मि.मी.चा होतो आणि मेन स्केलच्या भागापेक्षा ०.०२ ने कमी पडतो. हाच तो लिस्ट काउंट.

काही जुन्या व्हर्निअरवर मेन स्केलची रेघ दर अर्ध्या मि.मी.ला असते आणि व्हर्निअरवर फक्त २५ भाग असतात. तिथे ०.५ ÷ २५, म्हणजे लिस्ट काउंट ०.०२ च येतो. मेन स्केल न बघता १ ÷ २५ केलं तर ०.०४ येतं आणि त्यानंतर घेतलेलं प्रत्येक माप चुकतं.

व्हर्निअर स्केलवरच्या अंकांचाही घोळ होतो. ५० भागांच्या स्केलवर ० ते १० अंक छापलेले असतात आणि दोन अंकांच्या मध्ये पाच लहान भाग असतात. ४ या अंकाची रेघ जुळली तर ती विसावी रेघ, म्हणजे ०.४० मि.मी. तिला चौथी रेघ समजून ४ × ०.०२ = ०.०८ लिहिलेलं मी कितीतरी वह्यांमध्ये बघितलं आहे. छापलेला अंक सरळ दशांश म्हणून वाचा आणि त्यापुढच्या लहान रेघा दोन-दोन शतांशाने मोजा.

२५.९६ कुठून आलं

मेन स्केलचं रीडिंग म्हणजे व्हर्निअरच्या शून्य रेघेने ओलांडलेली शेवटची रेघ. सरकत्या पट्टीची कड कुठे आहे ते बघायचं नाही, फक्त शून्य रेघ बघायची. या शाफ्टवर शून्य रेघ २५ च्या अगदी जवळ आली होती, पण तिने २५ ओलांडलं नव्हतं, ०.०४ मि.मी. अलीकडेच थांबली होती. एवढं अंतर नुसत्या डोळ्याला दिसत नाही, रेघ २५ वरच आहे असं वाटतं. मुलाने २५ धरलं, मग व्हर्निअरवर ९ नंतरची तिसरी रेघ जुळलेली बघितली, म्हणजे ०.९६, आणि दोन्हींची बेरीज केली.

शून्य रेघ एखाद्या पूर्ण मि.मी.शी जुळल्यासारखी दिसली की व्हर्निअर काय सांगतो ते आधी बघा. व्हर्निअर ०.९० च्या पुढे असेल तर मेन स्केलची ती रेघ अजून ओलांडलेली नाही, त्याच्या आधीची धरायची. व्हर्निअर ०.०२ किंवा ०.०४ असं लहान असेल तर ओलांडलेली आहे. इथे २४ + ०.९६ = २४.९६ हेच रीडिंग. ही चूक होते तेव्हा बरोब्बर १ मि.मी.ने होते, म्हणून साध्या पट्टीने जॉब मोजला तरी सापडते.

कोणती रेघ जुळली हे ठरवताना एकाच रेघेकडे टक लावून बसू नका. तिच्या दोन्ही शेजारच्या रेघा बघा. रेघ खरंच जुळली असेल तर डावीकडची व्हर्निअर रेघ मेन स्केलच्या रेघेच्या किंचित उजवीकडे दिसते आणि उजवीकडची किंचित डावीकडे. दोन्ही शेजारणी मधल्या रेघेकडे सारख्याच सरकलेल्या दिसल्या पाहिजेत. एकीकडचा फरक जास्त वाटला तर तुम्ही एक रेघ चुकला आहात. बघताना डोळा स्केलच्या बरोबर समोर ठेवा. पुष्कळ व्हर्निअरवर व्हर्निअर पट्टी मेन स्केलपेक्षा थोडी वर असते, त्यामुळे तिरकं बघितलं की जुळणारी रेघ बदलते.

२४.९० कुठून आलं, आणि २५.०२ कसं काढायचं

दोन्ही जॉ स्वच्छ फडक्याने पुसा. मध्ये कोरा कागद धरून जॉ हलके मिटा आणि कागद ओढून काढा, अडकलेली धूळ त्याच्याबरोबर निघते. मग जॉ नुसत्या बोटाच्या दाबाने मिटवा आणि स्केल वाचा. दोन्ही शून्यं जुळली तर झिरो एरर नाही. हे तीनदा करा. तिन्ही वेळा वेगळं रीडिंग आलं तर ते झिरो एररचं लक्षण नव्हे. जॉमध्ये कचरा आहे किंवा सरकता भाग बीमवर ढिला झाला आहे, आणि अशा व्हर्निअरचं माप कुठल्याही वजाबाकीने सुधारत नाही.

जॉ मिटल्यावर व्हर्निअरचं शून्य मेन स्केलच्या शून्याच्या उजवीकडे राहिलं तर एरर अधिक. समजा चौथी रेघ जुळली, तर एरर +०.०८. जॉब १८.४४ वाचला असेल तर खरं माप १८.४४ − ०.०८ = १८.३६.

आमच्या व्हर्निअरचं शून्य डावीकडे गेलं होतं आणि ४७ वी रेघ जुळत होती. ४७ × ०.०२ = ०.९४, पण हा आकडा एरर नाही. शून्य रेघ मेन स्केलच्या शून्याच्या मागे आहे, म्हणजे तिने ओलांडलेली शेवटची रेघ उणे १ ची, जरी ती स्केलवर कोरलेली नसली तरी. म्हणून −१ + ०.९४ = −०.०६. दुसऱ्या टोकाकडून मोजलं तरी तेच येतं: ५० मधून ४७ गेले ३, आणि ३ × ०.०२ = ०.०६, चिन्ह उणे.

इथपर्यंत मुलाने बरोबर केलं होतं. पुढे त्याने २४.९६ मधून ०.०६ वजा केले. सूत्र एकच आहे, खरं माप = वाचलेलं माप − झिरो एरर, पण त्यात एरर चिन्हासकट घालायचा. २४.९६ − (−०.०६) = २४.९६ + ०.०६ = २५.०२.

सूत्राचं चिन्ह विसरलात तर जॉकडे बघा. जॉ पूर्ण मिटले असताना हा व्हर्निअर शून्यापेक्षा ०.०६ कमी दाखवतो. मग जॉब मध्ये धरल्यावरही तो तेवढाच कमी दाखवणार. जो कमी दाखवतो त्याच्यात मिळवायचं, जो जास्त दाखवतो त्याच्यातून काढायचं. वजाबाकी करण्याआधी ही ओळ मनात म्हणा.

झिरो एरर जिथे फसवतो

बाहेरच्या जॉचे चेहरे झिजले की ते एकमेकांच्या जास्त जवळ येतात आणि एरर उणे होतो. पण झीज सगळीकडे सारखी नसते. जॉच्या ज्या भागात रोज गोल जॉब धरले जातात तिथे खोलगट होतं आणि बाजूचा भाग तसाच राहतो. असे जॉ मिटले की न झिजलेले भाग टेकतात, शून्य बरोबर जुळतं, आणि गोल जॉब मात्र खोलगट जागी बसून कमी भरतो. म्हणून जॉ मिटून उजेडासमोर धरा. कुठेही प्रकाशाची चीर दिसली तर शून्य जुळलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका. शंका असेल तर माप माहीत असलेला प्लग गेज किंवा गोल पिन तुम्ही जॉब जिथे धरता त्याच जागी धरून मोजा. जॉबही जॉच्या टोकाला न धरता बीमच्या जवळ धरा, कारण टोकाला दाब दिला की सरकता जॉ तिरका होतो.

दुसरी फसवणूक बोअर मोजताना होते. बाहेरच्या जॉच्या झिजेमुळे आलेला −०.०६ आतल्या मापाला लावायचा नाही. आतले जॉ वेगळे आहेत आणि ते झिजले तर परिणाम उलटा होतो: बोअरला टेकायला त्यांना जास्त उघडावं लागतं, म्हणून बोअर खऱ्यापेक्षा मोठा वाचला जातो. आतल्या जॉचा एरर रिंग गेजवर वेगळा बघून वहीत वेगळा लिहा.

तो शाफ्ट वाचला. २५.०२ वरून मधल्या २४.९५ वर आणायला व्यासातून ०.०७ काढायचे होते, एका हलक्या कटचं काम. बोअर असता आणि हीच चूक उलट्या बाजूने झाली असती तर कापून गेलेलं परत भरता आलं नसतं. व्हर्निअर आम्ही त्या दिवशी बाजूला काढला. जॉ उजेडासमोर धरल्यावर मधोमध बारीक चीर दिसत होती, म्हणजे ०.०६ हा एररसुद्धा त्याच्या सगळ्या जागांसाठी खरा नव्हता.