परदेशातून आलेले पैसे बँकेत अडकले? घरच्यांनी या चुका टाळा

मुलीने फ्रँकफर्टहून कोथरूडला आईच्या बचत खात्यावर ६,००० युरो पाठवले. तिकडच्या बँकेने पैसे गेल्याचं सांगितलं, इकडे पासबुकात मात्र एन्ट्री नाही. चौथ्या दिवशी घरात कोणीतरी सुचवतं, "पुन्हा पाठव, आधीचे आले की परत करू." हे करू नका. ज्या कारणाने पहिली रक्कम थांबली, त्याच कारणाने दुसरीही थांबते. शिवाय दोन-दोन हजारांचे तीन तुकडे करून पाठवले, तर तपासणी चुकवण्यासाठी रक्कम फोडल्यासारखं दिसतं आणि शंका आणखी वाढते.

आधी पैसे नेमके कुठे आहेत ते शोधा. ते तीन ठिकाणी थांबू शकतात. पाठवणाऱ्याच्या बँकेत किंवा ॲपमध्ये थांबले असतील, तर पगाराची स्लिप वगैरे तिलाच द्यावी लागेल. पुण्यात बसून काही करता येत नाही. मधल्या बँकेत नाव निर्बंध-यादीतल्या एखाद्या नावाशी जुळल्यासारखं वाटलं, तर जन्मतारीख किंवा पूर्ण पत्ता मागतात, आणि तो निरोप पाठवणाऱ्या किंवा घेणाऱ्या बँकेमार्फतच येतो. तिसरं ठिकाण म्हणजे आईची बँक, आणि घरच्यांचा खरा उपयोग तिथेच.

हे कळण्यासाठी मुलीने तिच्या बँकेकडून स्विफ्ट प्रत, म्हणजे पैसे पाठवताना बँकेने पुढे दिलेल्या संदेशाची नक्कल, मागवायची. काउंटरवर तिला अजूनही MT103 म्हणतात. त्यात UETR नावाचा, त्या व्यवहाराचा माग काढायचा, आडव्या रेघांसकट ३६ अक्षरांचा क्रमांक असतो. ॲपच्या स्क्रीनशॉटवरचा ऑर्डर नंबर शाखेच्या काही कामाचा नसतो. UETR मात्र परकीय चलन विभागाला लगेच उपयोगी पडतो. नेहमीच्या काउंटरवर "पैसे आले का?" असं विचारलं तर नुसतं खातं पाहून "नाही" असं उत्तर मिळेल. प्रश्न असा विचारा: "माझ्या नावावर इनवर्ड रेमिटन्स पेंडिंग आहे का, आणि कशासाठी?"

आता त्या प्रतीत काय निघालं ते पाहू. मुलीने कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: `LOAN FLAT REPAIR`. पैसे खरं तर सोसायटीच्या मोठ्या दुरुस्तीत आईचा वाटा भरायला होते, परत घ्यायचेच नव्हते. मग 'लोन' कशाला? कारण बहुतेक घरांत असतं तेच: भेट म्हटलं तर टॅक्स लागेल ही भीती. ती इथे निराधार आहे. मुलाने किंवा मुलीने आईवडिलांना दिलेल्या रकमेवर, ती कितीही असो, आईवडिलांना प्राप्तिकर लागत नाही. जावई आणि सून यांनी दिलेलंही त्यातच येतं. भाचा-पुतण्याने मामाला किंवा काकाला दिलेले पैसे मात्र त्यात येत नाहीत. गंमत अशी की उलट बाजूने, काकाने पुतण्याला दिले तर ते करमुक्त असतात. नातेवाइकांच्या व्याख्येत न बसणाऱ्यांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, की ती उत्पन्नात धरली जाते.

कर वाचवायला लिहिलेल्या त्या एका शब्दाने बँकेचं काम मात्र बदललं. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेला बँकेला रिझर्व्ह बँकेने ठरवलेला पर्पज कोड लावावा लागतो. अनिवासी भारतीयाने कुटुंबाच्या खर्चासाठी पाठवलेल्या पैशांचा कोड `P1301`, वैयक्तिक भेटीचा `P1302`. अनिवासी नातेवाइकाकडून घेतलेल्या कर्जाला फेमा या परकीय चलन कायद्याचे वेगळे नियम लागतात, म्हणून 'लोन' दिसताच बँक करार आणि अटी विचारते. आईने फोनवर "घरखर्चाला पाठवलेत" म्हटलं, की कागद आणि तोंडचं उत्तर जुळत नाही आणि फाइल बाजूला पडते.

इथे आईने एकटीने खुलासा देऊन भागत नाही. मुलीनेच आपल्या बँकेमार्फत दुरुस्तीचा संदेश पाठवायला हवा, किंवा निदान सही केलेलं पत्र द्यायला हवं: कारणात चूक झाली, ही रक्कम आईच्या खर्चासाठी आहे, परत घ्यायची नाही. अर्थात खरोखर उसने दिले असतील तर तसंच सांगा. सोयीचा कोड लावून घेणं म्हणजे खोटं निवेदन होतं.

दुसरी अडचण नात्याची. मुलीचं आडनाव लग्नानंतर बदललेलं, आईचं वेगळं. बँकेने नात्याचा पुरावा मागितला. घरच्यांनी दोघींची आधार कार्डं पाठवली. त्यातून आई-मुलीचं नातं सिद्धच होत नाही, आणि चार दिवस वाया गेले. अशा वेळी मुलीच्या भारतीय पासपोर्टचं शेवटचं पान पाहायचं. तिथे आईवडिलांची नावं छापलेली असतात. पहिलं आणि शेवटचं, दोन्ही पानं चारही कडा दिसतील अशी स्कॅन करून पाठवा. आईचं नाव बँकेत वेगळं असेल, लग्नात पहिलं नावही बदललेल्या जुन्या पिढीत हे हमखास होतं, तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जोडा.

मग आईने शाखेत पत्र द्यायचं. इतकंच पुरे:

"माझ्या बचत खात्यासाठी दि. … रोजी ६,००० युरो आले आहेत, UETR …. पाठवणारी माझी मुलगी भारतीय नागरिक असून नोकरीनिमित्त जर्मनीत राहते. रक्कम माझ्या घरखर्चासाठी व सोसायटीच्या दुरुस्तीतील माझा वाटा भरण्यासाठी आहे, परतफेड करायची नाही. पर्पज कोड P1301 लावून ती रुपयांत जमा करावी."

सोबत सोसायटीचं मागणीपत्र जोडा. पत्राच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच कागद लागतो. मुलीकडे जर्मन नागरिकत्व असेल, तर 'भारतीय नागरिक' लिहू नका. परकीय नागरिक नातेवाइकाकडून आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपेक्षा जास्त मिळाले, तर परकीय योगदान कायद्याखाली केंद्र सरकारला कळवावं लागतं.

हे सगळं बिनचूक असूनही पैसे जमा होत नसतील, तर आईची केवायसी मुदत संपली आहे का ते विचारा. पत्ता वगैरे काहीच बदललं नसेल तर स्वयंघोषणा चालते, नव्याने सगळे कागद लागत नाहीत. पॅन-आधार जोडणी राहिली असेल तर तीही याच फेरीत उरकून घ्या.

याच काळात "रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, क्लिअरन्स फी भरा म्हणजे पैसे सुटतील" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. रिझर्व्ह बँक कोणाचे पैसे सोडवायला फी घेत नाही, आणि इनवर्ड रेमिटन्ससाठी ओटीपीही लागत नाही.

बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. पैसे परत मागवण्याचा पर्याय शेवटचा ठेवा, कारण परतताना शुल्कं कापली जातात आणि पाठवलेली पूर्ण रक्कम हाती येत नाही. पुढच्या वेळी मुलीने कारणाच्या रकान्यात एवढंच लिहावं: `FAMILY MAINTENANCE TO MOTHER`, आणि आईचं नाव आधारवरून न घेता पासबुकाच्या पहिल्या पानावरून, स्पेलिंगसकट जसंच्या तसं उतरवावं.