पतंगाच्या पेचात या चुका टाळा

संक्रांतीच्या स्पर्धेत पहिल्याच पेचात पतंग गेला की राग मांजावर निघतो. बहुतेक वेळा मांजा बरा असतो, आपण पेच लागल्यावर दोर थांबवलेला असतो. चालता दोर सतत नवा भाग पुढे आणतो, त्यामुळे त्याची झीज लांबवर वाटली जाते. थांबलेला, ताणलेला दोर मात्र एकाच जागी घासला जातो आणि तिथेच तुटतो.

म्हणून एकदा ढील द्यायची ठरवली की ती अखंड द्या. नवखा माणूस सुरुवात ढीलने करतो, समोरच्याचा पतंग वर सरकताना दिसला की घाबरून खेचतो, मग परत ढील. दिशा बदलताना दर वेळी क्षणभर दोर उभा राहतो आणि समोरच्याला तेवढाच क्षण हवा असतो. खेचायचंच असेल तर सुरुवातीपासून खेचा, आणि तेही दोर जवळ, हाताच्या आवाक्यात असेल तेव्हाच.

दुसरी चूक चक्रीवाल्याची, पण शिव्या खातो उडवणारा. समजा तुमच्या चक्रीवर पुढे दीडशे मीटर मांजा आहे आणि मागे साधा दोरा. पतंग शंभर मीटरवर असताना पेच लागला आणि तुम्ही ढील सोडली. हातापाशी पन्नास मीटर मांजा उरला आहे. तो निघून गेला की साधा दोरा सुरू होतो. घासण्याच्या जागेपर्यंत तो पोचला, की संपलं. त्याआधी गाठ पेचात आली तर ती अडकते आणि निकाल आणखी लवकर लागतो. म्हणून चक्रीवाल्याने गाठ दिसायच्या आधी ओरडून सांगायचं. चक्री त्याने दोन्ही टोकांना सैल धरावी, मुठीत आवळू नये. जोर लावून गुंडाळलेला मांजा स्वतःच्याच थरांत रुततो आणि ऐन ढीलमध्ये अडकतो. गुंडाळताना तो जरा तिरपा, इकडून तिकडे फिरवत घेतला की हे टळतं.

नियमांचं म्हणाल तर ते आयोजकागणिक बदलतात, आणि भांडणं त्यातच होतात. खेळ सुरू होण्याआधी एवढं विचारून घ्या: दोघांचेही पतंग एकदम कटले तर काय? पेच नसताना दोर तुटला तर ती हार धरायची का? गुंतवून ओढून आणलेला पतंग कटलेला मानायचा का? आणि मांजा आपला चालेल की आयोजक देणार? लंगड टाकून दुसऱ्याचा पतंग पाडणं मात्र कुठेही खेळ नव्हे. दोऱ्याला बांधलेला तो दगड शेवटी कुणाच्या तरी डोक्यात पडतो.

नायलॉनचा मांजा घेऊन उतरू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली आहे. काही ठिकाणच्या आदेशांत काच लावलेला सुती मांजाही येतो, त्यामुळे आपल्या शहराचा आदेश वाचून घ्या. ‘सुतीच आहे’ असं दुकानदार शपथेवर सांगेल. तुकडा चिमट्यात धरून जाळा: सुती धागा जळून राख होतो, नायलॉन वितळून टोकाला कडक मणी होतो.

आता बोट. ते कापतं पेचातल्या घासण्याच्याच नियमाने, फक्त इथे थांबलेलं असतं बोट आणि चालता असतो मांजा. वाऱ्याने पतंग ओढला की माणूस दोर मुठीत आवळतो, तिथेच जखम होते. त्यापेक्षा चक्रीवाल्याला आवाज द्या आणि दोर सुटू द्या. तर्जनीच्या आतल्या बाजूला, सांध्यांच्या घड्यांवर आधीच कापडी चिकटपट्टीचे दोनतीन थर लावा. प्लास्टिकची पट्टी घामाने सुटते. दोर बोटाभोवती गुंडाळून तर कधीच धरू नका. हातापाशी साधा दोरा असणं बोटांसाठी चांगलंच, पण त्याने ढीलची लांबी घटते. नवख्याने बोटं निवडावीत.

पतंग कटला की जल्लोष समोरच्याचा, पण उरलेला दोर तुमचा. तो रस्त्यावर आडवा पडतो आणि दुचाकीस्वाराच्या गळ्याशी वेगाने येतो, म्हणून आधी तो चक्रीवर गुंडाळून घ्या, शोक नंतर. विजेच्या तारेत अडकला तर मात्र ओढू नका, सोडून द्या. पहाटे आणि सूर्यास्ताला पक्ष्यांची ये-जा असते, तेव्हा पतंग खाली ठेवा. गच्चीवरचे तुकडे गोळा करून बारीक कापून कचऱ्यात टाका.

बोट कापलंच तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, हात वर ठेवा आणि रक्त थांबल्यावर बोटाचं टोक वाकतं का, पुढे स्पर्श कळतो का ते पाहा. वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर जखम लहान दिसली तरी आतला स्नायूबंध किंवा नस कापलेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारा.