पेन्शनर गेल्यावर जोडीदाराची फॅमिली पेन्शन

केंद्र सरकारच्या जुन्या पेन्शन योजनेतले निवृत्त कर्मचारी वारले, तर पत्नीला किंवा पतीला फॅमिली पेन्शन मिळते. साधा दर शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के. निवृत्तीनंतर मृत्यू झाला असेल, तर आधी ५० टक्क्यांनी मिळते: ७ वर्षे किंवा पेन्शनर ६७ वर्षांचे झाले असते तोपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. समजा शेवटचा मूळ पगार ६०,००० होता आणि ते ६३व्या वर्षी गेले. मग पहिली ४ वर्षे महिना ३०,००० आणि पुढे १८,०००, वर महागाई भत्ता वेगळा. पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याची, म्हणजे कम्युटेशनची कपात यातून होत नाही, हे बऱ्याच घरांत ठाऊकच नसतं.

बँकेत मृत्यूचा दाखला, पीपीओची म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत, आपलं आधार, पॅन आणि जन्मतारखेचा पुरावा न्या. पीपीओत जोडीदाराचं नाव असेल आणि पेन्शनचं खातं दोघांचं असेल, तर अर्ज साधा असतो, नवं खातंही लागत नाही.

घोडं अडतं ते नावावर. पीपीओत ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’ असेल, तर बँक फाइल परत पाठवू शकते. म्हणून दोघंही हयात असतानाच पीपीओ काढून नाव नि जन्मतारीख ताडून पाहा. चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज जिथून निवृत्त झाले त्या कार्यालयाकडे करा, बँकेकडे नव्हे.

आणि मृत्यूची खबर लगेच द्या. नंतर जमा झालेली जुनी पेन्शन बँक वसूल करते.