लिव्हरमधला पू: सुई कधी घालायची, कधी थांबायचं

मेडिसिनला नव्याने लागलेल्या रेसिडेंटच्या हातात पहिल्या काही आठवड्यांतच एक सोनोग्राफी रिपोर्ट येतो: ‘उजव्या लोबमध्ये ॲब्सेस, ८ सेंमी’. पाठोपाठ तीन बाजूंनी एकच प्रश्न सुरू होतो. सर्जरीवाले विचारतात, नातेवाईक विचारतात, राऊंडला सरही विचारतात: पू काढायचा का? कोल्हापूर भागात हे पेशंट वर्षभर येत राहतात, म्हणून इथे शिकायला आलेल्यांसाठी हा एकच निर्णय जरा सविस्तर लिहितो. माझं ठाम मत असं की फक्त सेंटिमीटर बघून सुईचा निर्णय घेऊ नये. पू अमिबाचा आहे की जिवाणूंचा, आणि औषध सुरू केल्यावर तीन-चार दिवसांत पेशंट कुठल्या दिशेने चाललाय, हे आधी बघायचं.

एक पेशंट घेऊ. करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळावरचा गुळव्या, वय चाळिशीच्या आत, रोज दारू. आठ-दहा दिवस ताप, उजव्या कुशीत दुखणं, खोल श्वास घेतला की कळ उजव्या खांद्यात. जुलाब आठवत नाहीत. नवीन डॉक्टर इथेच फसतो, कारण लिव्हरमध्ये अमिबाचा पू झालेल्या बऱ्याच जणांना त्या वेळी जुलाब नसतातच आणि शौचाच्या तपासणीतही काही सापडत नाही. गावातल्या दवाखान्यात त्याला न्यूमोनिया म्हणून इंजेक्शनं झाली होती. छातीच्या एक्स-रेत उजवा डायफ्रॅम वर सरकलेला आणि तळाशी थोडं पाणी होतं, म्हणून तसं वाटणं साहजिकच. त्याच्या खालच्या बरगड्यांच्या मधल्या जागेत एका बोटाने दाबलं तर तो कॉटवरून उठायलाच बघत होता. ही खूण शिकून ठेवा. न्यूमोनियात छाती दुखते, पण बरगड्यांमधल्या एका ठरावीक जागी बोट टेकवल्यावर असं सहसा होत नाही.

सोनोग्राफी चालू असताना रेडिओलॉजिस्टच्या शेजारी जाऊन उभे राहा, नुसता कागद आणू नका. या पेशंटला लिव्हरच्या उजव्या भागात मागे-वरच्या बाजूला, कॅप्सूलजवळ एकच गोल पोकळी होती. ८.४ × ७.८ × ७.५ सेंमी. तिन्ही मापांच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणलं की साधारण २५५ मिली येतात. आत एकसारखे बारीक प्रतिध्वनी, भिंत जाड नाही. हे चित्र अमिबाकडे झुकतं. पण झुकतंच फक्त. एकटी गोल पोकळी जिवाणूंचीही असू शकते आणि अमिबाच्या कधी दोन-तीनही असतात. रेडिओलॉजिस्टला आणखी काही गोष्टी मुद्दाम विचारायच्या. पोकळी आणि कॅप्सूल यांच्यामध्ये लिव्हरचा पट्टा किती उरलाय? पित्तनलिका फुगलीय का, खडा आहे का? आत हवा दिसते का? सुई घालण्याआधी दिसलेली हवा जिवाणूंकडे बोट दाखवते. सुई घातल्यावर दिसलेल्या हवेला तो अर्थ नाही, ती आपणच आत घातलेली असू शकते. आणि शेवटचं, हायडॅटिड नाही ना? दुहेरी भिंत, आत तरंगणारा पडदा किंवा लहान लहान पाण्याच्या पिशव्यांचा पुंजका दिसला तर सुई बाजूला ठेवायची. हायडॅटिडमधलं पाणी पोटात सांडलं तर ॲनाफायलॅक्सिस होऊ शकतो.

औषधाचा पहिला डोस जाण्याआधी एक काम करायचंच: दोन वेगवेगळ्या शिरांतून ब्लड कल्चर, प्रत्येक वेळी भरपूर रक्त घेऊन. रात्री अडीच वाजता कॅज्युअल्टीत हे टाळायचा मोह होतो. पण आपण जवळजवळ प्रत्येकाला मेट्रोनिडाझोलबरोबर सेफ्ट्रिॲक्सोनही सुरू करतो, आणि मग ताप उतरला तर तो कुणामुळे उतरला हे कळायला मार्ग उरत नाही. त्यात मेट्रोनिडाझोल अमिबाबरोबर ॲनएरोबिक जिवाणूंनाही मारतं. त्यामुळे ‘मेट्रोने बरं वाटलं, म्हणजे अमिबाच’ हा हिशोब चुकीचा ठरतो. आधी घेतलेलं कल्चर हाताशी असेल तर दोन-तीन दिवसांनी सेफ्ट्रिॲक्सोन बंद करायचं की पुढे चालवायचं, हे धाडसाने ठरवता येतं. अमिबाची आयजीजी तपासणी पाठवायची, मात्र तिच्यावर पूर्ण भार टाकायचा नाही. पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते. उलट आपल्याकडे जुन्या संसर्गामुळे ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहिलेलीही असते.

गुळव्याला मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅमची १०० मिलीची बाटली दर आठ तासांनी सुरू केली. उलट्या थांबल्या, जेवायला लागला, की ४०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा. एकूण दहा दिवस. पोटातून हे औषध जवळजवळ पूर्ण शोषलं जातं, म्हणून जेवणाऱ्या माणसाला बाटल्याच लावून ठेवण्यात अर्थ नाही. घरच्यांना हे पटवून द्यावं लागतं, कारण सलाईन काढलं की उपचार थांबले असं त्यांना वाटतं. त्याची बायको रोज तेच म्हणायची, “डॉक्टर, टोचून काढून टाका की एकदाचं. एवढा पू आत ठिवून माणूस बरा कसा हुईल?”

तिच्या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेण्यासारखं आहे. अमिबाच्या गळवातला द्रव म्हणजे मुख्यतः मेलेल्या लिव्हर पेशींचा विरघळलेला लगदा असतो. जिवंत अमिबा मध्यभागी नसतात, कडेच्या भिंतीत असतात, आणि मेट्रोनिडाझोल तिथे चांगलं पोचतं. म्हणून बहुतेक पेशंट एक थेंबही न काढता बरे होतात. चौथ्या दिवशी गुळव्याचा ताप १०२ वरून ९९ वर आला होता, पांढऱ्या पेशी १९,००० वरून १३,००० वर, आणि तो उजव्या कुशीवर झोपू शकत होता. कॅप्सूलकडचा पट्टा दीड सेंटिमीटरचा होता. आम्ही सुई घातली नाही.

यातली एक जरी गोष्ट वेगळी असती तर घातली असती. औषधाच्या तीन ते पाच दिवसांनीही ताप आणि दुखणं तसंच. पट्टा १ सेंमीपेक्षा कमी, म्हणजे फुटायच्या बेतात. निदानाचीच खात्री नाही. किंवा गळू डाव्या लोबमध्ये. डाव्या लोबबद्दल मी कधीच वाट बघत बसत नाही, कारण ते हृदयाच्या आवरणात फुटू शकतं आणि मग हाताशी मिनिटंच असतात. आकाराच्या बाबतीत ठिकाणठिकाणी रीत वेगळी आहे. कुणी ५ सेंमीच्या वर काढतात, बरेच जण १० च्या वर. मोठं गळू रिकामं केलं की दुखणं लवकर कमी होतं हे खरं, पण सुधारणाऱ्या माणसाला केवळ आकड्यासाठी टोचायचं नाही, असं मी धरतो.

आता याच वॉर्डातल्या दुसऱ्या पेशंट, शिरोळकडच्या एक मावशी. साठी ओलांडलेली, शुगर कित्येक महिने तपासलेली नाही, दाखल होताना ३४०. दुखणं फारसं नाही. थंडी वाजून ताप आणि जेवण तुटलेलं. सोनोग्राफीत उजव्या लोबमध्ये एकमेकांना चिकटलेल्या पोकळ्यांचा ६ सेंमीचा पुंजका, आत पडदे. आयजीजी मात्र पॉझिटिव्ह, त्यामुळे फाईलवर कुणीतरी ‘अमिबिक’ लिहूनही टाकलं होतं. साठीतली बाई, मधुमेह, पुंजका, आणि तिसऱ्या दिवशीही ताप. इथे थांबणं धोक्याचं होतं. सीटी केलं. त्यातही तेच दिसलं, लहान पोकळ्या एकत्र येऊन मोठी होताना. जिवाणूंच्या गळवात असं दिसतं.

सुईआधी आयएनआर आणि प्लेटलेट बघायच्या. आयएनआर दीडच्या आत, प्लेटलेट ५०,००० च्या वर. लिव्हर आजारी असल्याने आयएनआर वाढलेला असू शकतो, म्हणून व्हिटॅमिन के आदल्या दिवशीच देऊन ठेवलेलं बरं. सुईचा रस्ता थोड्या चांगल्या लिव्हरमधून जायला हवा, म्हणजे पू पोटात गळत नाही. प्ल्युरा चुकवायचा. मावशींचा पू पिवळसर हिरवा, घट्ट आणि वासाचा निघाला. अमिबाचा असता तर काकवीसारखा तांबूस-तपकिरी, आणि बहुधा बिनवासाचा. पण रंगावर निदान लिहू नका. ग्रॅम स्टेन त्याच तासात करून घ्या. ॲनएरोबिक कल्चरसाठी सिरिंजमधली हवा काढून तोंड बंद करून लगेच लॅबला पोचवा. अमिबा शोधायचे असतील तर शेवटची सिरिंज वेगळी ठेवा, कारण भिंतीजवळचा पू शेवटीच येतो. तरीही ते बऱ्याचदा दिसत नाहीत. ‘अमिबा नाही’ असा रिपोर्ट आला म्हणून निदान खोडू नये.

सुईतून काहीच आलं नाही तर घाबरून सुई फिरवत बसायचं नाही. सुरुवातीच्या दिवसांत गळू पुरतं पातळ झालेलं नसतं, ते घट्ट गाठीसारखं दिसतं. तीन-चार दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करायची.

मावशींच्या ग्रॅम स्टेनमध्ये ग्रॅम-निगेटिव्ह बॅसिलाय दिसले. ब्लड कल्चर आणि पू, दोन्हींत क्लेबसिएला आला. पडदे असल्याने एकदा ओढून भागलं नसतं, म्हणून १२ फ्रेंचचा पिगटेल घातला. तो आतून साफ राहावा म्हणून सिस्टर रोज थोडं सलाईन घालून काढायच्या. निचरा रोज मिलीत लिहायचा. सलग दोन-तीन दिवस १० मिलीच्या खाली आला आणि ताप नसला की काढायचा. निचरा अचानक थांबला आणि ताप परत आला, तर गळू आटलं असं समजू नका, नळी तुंबलीय का ते आधी बघा. ॲन्टिबायोटिक चार ते सहा आठवडे, कल्चरप्रमाणे. शिवाय मधुमेहात क्लेबसिएला असला की रोज विचारायचं, “मावशी, डोळ्यांना नीट दिसतंय ना?” तो रक्तातून डोळ्यात जाऊन दृष्टी घालवू शकतो. धूसर दिसतंय म्हणाल्या तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलवायचं.

गुळव्याच्या घरी जायच्या कागदावर तीन गोष्टी लिहिल्या. पहिली, मेट्रोनिडाझोल संपल्यावर डायलोक्सॅनाइड फ्युरोएट ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दहा दिवस. मेट्रोनिडाझोल आतड्यातले अमिबा पुरते काढत नाही, ते राहिले तर गळू पुन्हा होऊ शकतं. हे औषध प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही, म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशीच मागवून पेशंटच्या हातात द्या. दुसरी, औषध चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारूचा थेंबही नको. तोंडाला धातूची चव येईल, लघवी गडद होईल, त्याला घाबरू नये; पण पायाला मुंग्या आल्या, चालताना तोल गेला किंवा जीभ जड झाली तर गोळ्या थांबवून यायचं.

तिसरी गोष्ट सोनोग्राफीची. बरा झालेला पेशंट महिन्याभराने कुठेतरी सोनोग्राफी करतो, ‘७ सेंमी ॲब्सेस’ असं लिहून येतं आणि मेट्रोनिडाझोलचा दुसरा, तिसरा कोर्स सुरू होतो. पायाच्या मुंग्या आणि तोल जाणं अशाच लांबलेल्या औषधातून येतात. पोकळी भरून यायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. गुळव्या पाचव्या आठवड्यात असाच रिपोर्ट घेऊन घाबरून आला. ताप नव्हता, वजन वाढलं होतं, बरगड्यांमध्ये दाबलं तरी दुखत नव्हतं, पांढऱ्या पेशी नॉर्मल. कागदावर ‘औषध नको, तीन महिन्यांनी सोनोग्राफी, मधेच ताप आल्यास लगेच’ एवढं लिहून दिलं.