आरएफआयमध्ये ‘कृपया स्पष्ट करा’ लिहू नका

दोन ड्रॉइंग जुळत नाहीत आणि आरएफआयमध्ये, म्हणजे कन्सल्टंटला पाठवायच्या लेखी प्रश्नात, तुम्ही लिहिता, ‘बीम आणि खिडकीच्या लेव्हलमध्ये तफावत आहे, कृपया स्पष्ट करा.’ आठवड्याने उत्तर येतं: ‘ड्रॉइंगप्रमाणे काम करावं.’ कुठल्या ड्रॉइंगप्रमाणे, हे तुम्ही विचारलंच नव्हतं. नवे इंजिनिअर सगळ्यात जास्त इथेच अडकतात.

एक उदाहरण घेऊ. स्ट्रक्चरल ड्रॉइंग एस-204 मध्ये बीम 600 मिलिमीटर खोल आहे आणि एका स्लॅबच्या माथ्यापासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत 3000 आहे. म्हणजे बीमचा तळ खालच्या स्लॅबपासून 2400 वर आला. आर्किटेक्टच्या ए-302 मध्ये खिडकीचा माथाही 2400 वरच आहे, म्हणून वरवर पाहता सगळं जुळतं. पण आर्किटेक्टचे 2400 तयार फरशीपासून मोजलेले आहेत आणि फरशीचा थर 50 चा आहे. फरशीपासून बीमचा तळ 2350 वरच येतो, म्हणजे खिडकी 50 मिलिमीटर बीममध्ये घुसते. आकडा दिसला की तो कुठून मोजलाय, हे आधी बघा. रिव्हिजन ताजी आहे ना आणि जनरल नोट्समध्ये उत्तर आधीच दिलेलं नाही ना, हेही पाठवण्यापूर्वी तपासा. नाहीतर तुमचा पुढचा आरएफआय कोणी नीट वाचणार नाही.

आता मजकूर. विषयातच जागा सांगा: ‘ग्रिड सी, 3 ते 4, दुसरा मजला, खिडकीचा माथा आणि बीमचा तळ’. मग दोन्ही ड्रॉइंगचे क्रमांक, रिव्हिजन आणि दोन्ही मापं शेजारी शेजारी लिहा. ‘ए-302 मध्ये चूक आहे’ असं लिहू नका, ‘ए-302 मध्ये 2400 दाखवलं आहे’ एवढंच लिहा. दोष दिला की समोरचा आधी बचाव करतो आणि उत्तर लांबतं. त्यानंतर एकच प्रश्न: ‘सिल 900 तशीच ठेवून खिडकीची उंची 1500 ऐवजी 1450 करावी का? नसल्यास माथ्याची आणि बीमच्या तळाची लेव्हल द्यावी.’ याला ‘हो’ म्हटलं तरी काम पुढे सरकतं. बीमची खोली कमी करायचं मात्र स्वतःहून सुचवू नका, तो निर्णय स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा आहे. आरएफआय आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंट दोघांनाही पाठवा, नाहीतर एकाचं उत्तर दुसरा फिरवतो.

ड्रॉइंगच्या त्या भागावर लाल खूण करून तो जोडा. ‘तातडीचं’ या शब्दाने काही होत नाही. ‘14 तारखेला बीमचं शटरिंग सुरू होणार, त्याआधी उत्तर हवं’ असं कारणासकट लिहा. करारात उत्तरासाठी जेवढे दिवस दिलेत, तेवढे आधी मोजा.

फोनवर मिळालेल्या होकारावर शटरिंग लावू नका. वरिष्ठ म्हणाले ‘मी बोललोय’, तरी तेच बोलणं त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवा आणि लेखी दुजोरा मागा. उत्तरामुळे खर्च वाढत असेल तर तेही काम सुरू करण्याआधीच वेगळ्या पत्राने कळवा. आरएफआयचं उत्तर म्हणजे जादा कामाची मंजुरी नव्हे.

पहिले दोन-तीन आरएफआय लिहायला तासभर लागला तरी घाबरू नका. त्यातला बराचसा वेळ मापं पडताळण्यात जातो, आणि तो तिथेच जायला हवा.