‘जमलं तर ये’ : जायचं की नुसतं ‘हो गं’ म्हणायचं?

काही वर्षांपूर्वी गणपतीत एका मैत्रिणीचा मेसेज आला : ‘उद्या दुपारी आमच्याकडे ये ना जमलं तर.’ मला जमलं. बरोबर जेवायच्या वेळेला दारात उभी राहिले. स्वागत छान झालं, पान वाढलं, पण उकडीचे मोदक माणशी दोन असे मोजून केलेले होते. माझ्या पानात दोन पडले आणि मैत्रिणीच्या सासूबाई ‘मला आज गोड नकोच’ म्हणाल्या. तेव्हापासून ‘जमलं तर’ वाचलं की मी जरा थांबते.

एक गोष्ट आधीच सांगते. ‘जमलं तर’ या दोन शब्दांवरून काहीच कळत नाही. तुमची रात्रपाळी असेल, घरी आजारपण असेल, विरार ते पनवेल असा प्रवास असेल, तर मनापासून बोलावणारा माणूसही ‘जमलं तर’च म्हणेल, तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. त्यामुळे त्या दोन शब्दांकडे बघत बसू नका, आजूबाजूचं वाचा.

आधी चॅट वर सरकवा आणि विषय कोणी काढला ते बघा

हर्बर्ट क्लार्क आणि एलन आयझॅक्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली अशा वरवरच्या आमंत्रणांवर एक शोधनिबंध लिहिला होता. त्यांनी सांगितलेल्या खुणांपैकी मला सगळ्यात उपयोगी पडलेली खूण ही : बोलावणं आपणहून आलं, की न बोलावणं वाईट दिसलं असतं म्हणून आलं? तुम्ही ‘शनिवारी काय करतेयस?’ विचारलंत, समोरची म्हणाली ‘घरी कार्यक्रम आहे’, तर पुढचं ‘तू पण ये ना’ जवळजवळ सक्तीचंच असतं. ते टाळणं म्हणजे तोंडावर दार लावणं. उलट काही संबंध नसताना मंगळवारी सकाळी मेसेज आला, ‘ऐक, रविवारी पावभाजी करतोय, जमलं तर ये’, तर तिला तुमची आठवण झाली आहे.

मग वार, वेळ आणि जागा शोधा

मनात असलं की तपशील आपोआप येतात. ‘साडेसातपर्यंत ये, गाडी मागच्या गल्लीत लाव’ असं लिहिणाऱ्याने तुम्हाला मनातल्या मनात जिना चढवून आणलेलं असतं. ‘ये एकदा घरी’, ‘भेटू या निवांत’ हे मात्र बहुतेकदा ‘अच्छा’ म्हणण्याचेच प्रकार.

याला अपवाद आहेत. आमच्या कोकणातल्या नातेवाइकांकडे ‘कधीपण ये’ म्हणजे खरोखरच कधीपण, तिथे वेळ विचारली तर लोक हसतात. गणपतीच्या ‘दर्शनाला या’ किंवा सत्यनारायणाच्या ‘तीर्थप्रसादाला या’ या बोलावण्यांनाही ही फूटपट्टी लावू नका. तिथे माणसं मोजलेली नसतात, जाऊन नमस्कार करून प्रसाद घेऊन निघता येतं. प्रश्न येतो तो पानं मोजलेली असतात तिथे : केळवण, हॉलवरचा वाढदिवस, केटररला ताटांचा आकडा आधी कळवावा लागतो असं काहीही. माझी मोदकांची चूक हीच. बोलावणं दर्शनाचं होतं, मी ते जेवणाचं समजले.

मेसेज एकटीला आलाय की सगळ्यांना, यावरूनही फार काही ठरवू नका. ब्रॉडकास्टने पाठवलेला मेसेज तुम्हाला एकटीलाच आल्यासारखा दिसतो. त्यात तुमचं नाव किंवा तुमच्यापुरतं काही असेल (‘तुझ्यासाठी बिनतिखटाचं काढून ठेवते’), तरच तो तुमचा.

आता एक असं उत्तर द्या, की दोघींनाही मागे फिरता येईल

इथे बहुतेक जण चुकतात. ‘खरंच येऊ का?’ असं कधीही विचारू नका. त्याला ‘हो अगं, म्हणजे काय!’ याखेरीज दुसरं उत्तरच नाही, आणि तेवढ्यावरून तुम्हाला काही कळणारही नाही. त्याऐवजी तिला दोन दारं उघडी ठेवा आणि ती कुठल्या दाराने जाते ते बघा.

मागच्या वर्षीचं माझंच उदाहरण घ्या. मी मावशीकडे नाशिकला जाणार होते, म्हणून बुधवारी रात्री एका जुन्या मैत्रिणीला लिहिलं.

मी : शनिवारी नाशकात आहे गं. भेटू या?
ती : अगं नेमका शनिवारी लेकाचा वाढदिवस!
ती : घरचेच आहोत तसे
ती : तू पण ये ना जमलं तर

विषय मी काढला होता. वेळ नाही, जागा नाही. आणि मधली ती ओळ, ‘घरचेच आहोत’, सगळ्यात बोलकी : त्यात मी बसत नाही, हे तिने बोलावण्याच्या आधीच हळूच सांगितलं होतं. तरीही मी खात्री धरली नाही, कारण ही मैत्रीण सगळंच तुटक लिहिते. मी लिहिलं :

‘अरे वा, एक वर्षाचा झाला पण! शनिवारी तू गडबडीत असशील. रविवारी सकाळी अर्धा तास डोकावू, की शनिवारीच येऊ?’

तिला शनिवारी मी हवी असते, तर ‘रविवारी काय, शनिवारीच ये, साडेसहाला केक आहे, लोकेशन पाठवते’ असं आलं असतं. खरं बोलावणारा दुसऱ्यांदा धरतो, आपल्याकडे त्यालाच आग्रह म्हणतात. एका नकारावर सोडून दिलं, तर ती रीतच होती. तिचं उत्तर दोन मिनिटांत आलं : ‘रविवार बेस्ट! निवांत बोलता येईल.’ रविवार बेस्ट यात सुटकेचा निःश्वास होता आणि भेटायची इच्छाही होती. दोन्ही खरं असू शकतं.

वरवरचं आहे असं कळलं, तर

रागावू नका. क्लार्क आणि आयझॅक्स यांचा मुद्दाच हा होता, की अशा आमंत्रणात कोणी कोणाला फसवत नाही. ते वरवरचं आहे हे दोघांनाही माहीत असतं, आणि दुसऱ्यालाही ते माहीत आहे हेही माहीत असतं. ‘तू माझ्या लेखी परकी नाहीस’ एवढंच सांगायचं असतं. त्याचं उत्तरही तितकंच हलकं द्यावं : ‘बघते गं, लेकाला खूप आशीर्वाद.’ आपल्याकडे ‘बघते’ म्हणजे नाही, हे सगळ्यांना कळतं, खुलासे लागत नाहीत.

पण बोलावणं खरं निघालं, तर मात्र ‘बघते’वर ठेवू नका. त्याच संध्याकाळी हो किंवा नाही कळवा, तिला ताटं सांगायची असतात.

एवढं सगळं करूनही कळलं नाही, तर सरळ फोन करा, पण बोलावण्याबद्दल नाही. ‘येताना काय आणू?’ एवढंच विचारा. मनापासून बोलावलेलं असेल तर ‘काही नको, तू ये फक्त, आणि लवकर ये’ असं पटकन येतं. नाहीतर आधी एक ‘अं...’ ऐकू येतो. चॅटमध्ये तो टाइप होत नाही.

नाशिकला रविवारी गेले तेव्हा शनिवारचा अर्धा केक फ्रिजमध्ये होता. त्यावरचं ‘१’ मेणबत्तीसकट अजून तसंच होतं, आणि मैत्रीण गाऊनमध्येच दोन तास बोलत बसली.